विश्रांतीच्या रकान्यातला खलाशी

घरात तिला सगळे कॅशियर म्हणत. हे नाव नवऱ्यानं ठेवलं, मग सासूनं उचललं, आणि पोरगी बोलायला लागली तेव्हा तीसुद्धा रागावली की ‘कॅशियरबाई’ म्हणायला लागली. बाईनं आयुष्यात कधी बँकेच्या काउंटरपलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. पण नवऱ्याच्या पगाराची स्लिप आली की ती चष्मा लावून बसायची आणि अशी वाचायची की जणू ती स्लिप तिलाच घाबरून खरं बोलणार आहे.

नवरा खलाशी. मालवाहू जहाजावर डेकची कामं करायचा: गंज खरवडणं, रंग लावणं, दोर ओढणं, सामान बांधणं. नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट. जहाजावर पाय ठेवला त्या दिवसापासून पगार सुरू, आणि जहाज सोडलं त्या दिवशी बंद. घरी बसल्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणून पगारात तीन भाग असायचे. एक मूळ पगार. दुसरा ठरावीक ओव्हरटाइम, महिन्याचे एकशे तीन तास. तेवढे केलेत की नाही हे कुणी विचारत नाही, पैसे मिळतातच, आणि त्याहून जास्त झाले तरच वेगळे तास लिहून द्यायचे. तिसरा रजेचा पगार. हा दर महिन्याला ठरलेला, पण हातात मिळायचा नाही. तो जहाजावर साठत राहायचा आणि काँट्रॅक्ट संपवून खलाशी उतरला की एकदम मिळायचा.

आता बाकीच्या बायका काय करायच्या? रजेचा पगार आला की घराला रंग, फ्रीज, नणंदेचं काहीतरी. आमची कॅशियर मात्र त्या पैशावर नागासारखी बसायची. कारण तिला सरळ दिसत होतं की रजेचा पगार असेपर्यंत नवरा घरी. तो संपला की एजन्सीचा फोन, मेडिकल, बॅग. म्हणून ती एकेक पैसा ताणायची. नवरा घरी असला की भाजी स्वस्त बाजारातून, गॅस बारीक, रिक्षा बंद. तो म्हणायचा, “अगं, मी सुट्टीवर आलोय की तुरुंगात?” ती म्हणायची, “गप चालत चला. हे रिक्षाचे पैसे म्हणजे तुमचा अर्धा दिवस आहे.” एका वर्षी तिनं अशी काटकसर करून त्याला ठरल्यापेक्षा अठरा दिवस जास्त घरी ठेवला. त्या अठरा दिवसांचा तिला केवढा अभिमान! वर्षभर सांगत होती.

आणि हीच बाई शेवटच्या फोनवर त्याला नको ते बोलून बसली.

झालं असं. पोरगी बारावीत. पुढे कॉलेजची फी, होस्टेल. चार महिने झाले होते जहाजावर, आणि नवऱ्यानं फोन करून सांगितलं की कॅप्टनला विचारून दोन महिने जास्त राहतो, नवाचे अकरा करतो. “जेवढे दिवस जहाजावर, तेवढा रजेचा पगार जास्त. हिशेब तूच शिकवलास ना?” तो हसत होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पोरीची परीक्षा, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वरून गळणारी गच्ची, सगळं एकटीनं ओढत होती ती. ती म्हणाली, “मग कशाला येताय? राहा तिथेच कायमचे.” आणि फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, पण तिनं आपटला.

आठव्या दिवशी एजन्सीतून माणूस घरी आला. सकाळच्या हजेरीला खलाशी दिसला नाही. जहाजभर शोधलं. मग जहाज वळवलं, दोन दिवस त्या पाण्यात फिरवलं, दुसरी दोन जहाजं मदतीला आली. काही सापडलं नाही. चप्पलही नाही.

सासू भिंतीला टेकून जी बसली ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. पोरगी किंचाळली, मग एकदम गप्प झाली, आणि त्यानंतर महिनाभर ती अशी गप्पच होती. आणि कॅशियर? तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, तेही तिच्याच आवाजात. राहा तिथेच कायमचे.

दीड महिन्यानं एजन्सीनं बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, बाहेर खुर्च्यांवर नोकरीसाठी आलेली तरुण मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची फाइल. आत हिशेबनीस बसायचे. वयानं पिकलेले, बोलायला सौम्य. खलाशांचा शेवटचा हिशेब तेच करायचे. त्यांनी तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि कागद समोर ठेवला.

“वहिनी, हा शेवटचा हिशेब. चार पूर्ण महिने, आणि पाचव्या महिन्याचे एकोणीस दिवस. महिन्याच्या रकमेला तीसनं भागलंय आणि एकोणिसानं गुणलंय. मूळ पगार तसाच, ठरावीक ओव्हरटाइम तसाच. घरी दर महिन्याला येत होते ते पैसे वजा केलेत. आणि हा रजेचा पगार, त्याच दिवसांचा.”

तिनं रजेच्या पगाराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथून हलेना.

“ही रजा घेणार कोण?” ती म्हणाली.

हिशेबनिसांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर. मग त्यांनी हळूच दुसरी गोष्ट काढली. नुकसानभरपाई वेगळी असते, ती कंपनीचे विमेवाले देतात. ती अडली होती. कॅप्टनच्या अहवालात लिहिलं होतं की खलाशी रात्रीच्या जेवणाला शेवटचा दिसला. विश्रांतीच्या तासांचा तक्ता जोडला होता, त्यात संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत त्याच्या नावापुढे विश्रांती. काम नव्हतं. मग तो झोपायच्या वेळेला डेकवर कशाला गेला? कारण अज्ञात.

“अज्ञात म्हणजे?”

“म्हणजे… माणूस कामावर असताना गेला तर प्रश्न नसतो. पण स्वतःहून गेला असं कुणी म्हटलं, तर मग विमेवाले हात वर करतात. अजून कुणी म्हटलेलं नाही हं वहिनी. पण त्यांनी विचारलंय, घरी काही भांडण वगैरे…”

पैशाचं तिच्या मनातही आलं नाही, खरं सांगतो. कागदावर कुणीतरी तेच विचारत होतं जे ती स्वतःला रोज रात्री विचारत होती. आपलं बोलणं मनाला लागून तो गेला का? रेलिंगपाशी उभा राहून त्यानं तिचं वाक्य आठवलं का?

तिनं सही केली नाही. म्हणाली, “ओव्हरटाइमचे पैसे दिलेत ना तुम्ही? मग तास दाखवा. कुठल्या दिवशी किती तास काम केलं, ते दाखवा.”

हिशेबनिसांनी फाइल उघडून दाखवली. ओव्हरटाइमचा तक्ता होता, पण त्यात तास नव्हते. पहिल्या ओळीत ‘फिक्स’ लिहिलेलं आणि खाली महिनाभर नुसत्या रेघा. चारही महिने तसंच.

“ठरावीक ओव्हरटाइमला कुणी तास लिहीत नाही, वहिनी. पैसे मिळणारच असतात, मग कशाला लिहितील? एकशे तीनच्या वर गेले तर लिहितात. सगळ्या जहाजांवर असंच चालतं.”

“म्हणजे पैसे दिलेत, पण माणूस कधी कामावर होता ते तुम्हाला ठाऊक नाही.”

“नाही,” हिशेबनीस म्हणाले. बिचारा खरं बोलणारा माणूस.

त्यानंतरचे दिवस ती घरात वावरायची तेवढंच. शेजारीण यायची, सांत्वन करायची, आणि जाता जाता हळूच विचारायची, “काही टेन्शनमध्ये होते का हो?” कॅशियर मूग गिळून बसायची. एकदा पोरीनंच विचारलं, “आई, त्या दिवशी तू फोनवर बाबांना काय म्हणालीस?” दाराआडून अर्धवट ऐकलं होतं तिनं. कॅशियरनं ताट उचललं आणि मोरीत गेली. नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

मग कळलं की बोसन उतरलाय. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. काम तोच वाटून देणार, माणसं तोच उठवणार. नवऱ्याबरोबर त्यानं तीन काँट्रॅक्टं केली होती. घरी येऊन जेवला होता, पोरीसाठी खेळणं आणलं होतं. उतरून आठ दिवस झाले तरी तो भेटायला आला नाही, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. तीच त्याच्या घरी गेली.

बोसनचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारात नवी सायकल, पोराची. रजेचा पगार आलेला दिसत होता. बोसनच्या बायकोनं चहा ठेवला आणि आत जाऊन दाराशी उभी राहिली. बोसन धिप्पाड माणूस, पण सोफ्यावर असा बसला होता की पाव्हणा तोच वाटावा.

“भावजी, त्या रात्री काय झालं?”

“मला काय माहीत वहिनी? मी झोपलो होतो. सकाळी हजेरी घेतली तर तो नाही.”

“विश्रांतीचा तक्ता कोण भरतं?”

“मीच.”

“रोज?”

बोसन म्हणाला, “रोज कोण भरतं? महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्यांचा एकदम भरून टाकतो. बंदरात तपासणीवाले येतात, त्यांना तक्ता नीट लागतो. बारा तास विश्रांती, सगळ्यांना सारखी.”

“म्हणजे माणूस अजून झोपलेलाच नसतो आणि तुमच्या तक्त्यात तो झोपून उठलेला असतो.”

दुसरी वेळ असती तर तो हसला असता. तिच्या जिभेची त्याला सवय होती. आता त्यानं चहाचा कप उचलला आणि न पिता ठेवला.

तिनं खूप विचार केला होता काय बोलायचं त्याचा. युनियनकडे जाईन म्हणायचं, कंपनीला लिहीन म्हणायचं, तुमच्या पोराची शपथ घ्या म्हणायचं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“भावजी, मी त्यांना फोनवर बोलले होते. राहा तिथेच कायमचे, असं म्हणाले मी. चारच दिवस आधी. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं असेल, तर मला सांगा. त्यामुळे गेले असतील तर तसंच सांगा. मी ऐकून घेईन, कुणाला बोलणार नाही. पण मला असं टांगून ठेवू नका हो.”

आणि ती रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, परक्याच्या घरात, तोंडाला पदर लावून.

बोसन उठला, खिडकीशी गेला, परत आला. “नाही वहिनी,” तो म्हणाला. “देवाशपथ नाही. तो तर हसून सांगत होता सगळ्यांना. आमची कॅशियर चिडलीय म्हणे, तिला मी जास्त दिवस घरीच हवा, म्हणून एक्स्टेन्शन नाही घेत आता. दुसऱ्या दिवशी कॅप्टनला सांगणार होता.”

आतून बायकोचा आवाज आला, “अहो…” सावध करणारा.

“गप गं,” बोसन म्हणाला. मग खाली बसला, जमिनीवरच. “मीच उठवलं त्याला. रात्री अकराला. समुद्र खवळलेला होता, आणि पुढच्या टोकाला स्टोअरचं दार सुटून आपटत होतं. माझ्या केबिनपर्यंत आवाज येत होता. ब्रिजवर, जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून सांगायला हवं होतं, जहाज हळू करवून मग दोन माणसं पाठवायची असतात, दोरी बांधून. तेवढं सगळं कोण करणार? एक दार तर बांधायचंय. ओव्हरटाइम फिक्सच आहे, कुणालाही उठवा, वेगळं लिहायला लागत नाही की सही लागत नाही. आणि तो कधी नाही म्हणायचा नाही. ‘बोसन, झोप तू, येतो बांधून,’ म्हणाला.”

त्यानं तळहातानं तोंड पुसलं.

“मी लिहून द्यायला हवं होतं. कॅप्टननं विचारलं तेव्हा जीभच उचलली नाही. मग तक्त्यात विश्रांती लिहिलेलीच होती. मला काही लिहावंच लागलं नाही.”

कॅशियरला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या छातीवरचा केवढा तरी मोठा दगड उतरला होता. तो रागावून गेला नव्हता. तो घरी लवकर यायचं ठरवून गेला होता. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणत राहिली, “चिडलीय म्हणाले? हसून म्हणाले?” आणि बोसन दर वेळी म्हणत होता, “हो वहिनी. हसून.”

मग ती शांत झाली आणि म्हणाली, “हे लिहून द्या.”

बोसनची बायको आता बाहेर आली. तिचाही जीव टांगणीला लागलेला. लिहून दिलं तर याला पुन्हा जहाज मिळायचं नाही, चौकशी होईल, कदाचित लायसन्सही जाईल. पोरगा सातवीत. ती कॅशियरसमोर हात जोडून उभी राहिली. कॅशियरनं तिचे हात धरले. दोघी खलाशांच्या बायका, एकमेकींना काय सांगायचं?

“तुमचं तुम्ही ठरवा, भावजी,” ती एवढंच म्हणाली आणि जिना उतरली. पुढचे दहा दिवस तिनं फोन केला नाही. अकराव्या दिवशी हिशेबनिसांचा फोन आला की बोसन येऊन सगळं लिहून देऊन गेलाय, कंपनीनं मान्य केलंय, कामावरचा मृत्यू म्हणून फाइल पुढे गेलीय. शेवटचा हिशेब पुन्हा केलाय, सहीला या.

या वेळी पोरगी बरोबर आली. ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर बसली, त्या फाइलवाल्या मुलांमध्ये. आत बोसन आधीच येऊन भिंतीपाशी उभा होता. दहा दिवसांत अर्धा झाला होता माणूस.

हिशेबनिसांनी कागद पुढे केला. त्यांनी मन लावून काम केलं होतं, हे दिसत होतं. ओव्हरटाइमच्या तक्त्यात आता रेघा नव्हत्या. बोसनला आठवले तेवढे त्या महिन्याचे तास त्यांनी ओळीनं भरले होते, त्याची सही घेतली होती, कंपनीचा शिक्का आणवला होता. विश्रांतीचा तक्ताही दुरुस्त केलेला.

“रक्कम बदललेली नाही हं वहिनी,” ते म्हणाले. “हे सगळे तास धरले तरी ठरावीक ओव्हरटाइमच्या आतच बसतात. पण नोंद झाली. तुम्हाला नोंदच हवी होती ना?”

“हो. नोंदच.”

तिनं चष्मा लावला. तारखांवरून बोट खाली नेलं. शेवटची ओळ. पुढच्या टोकाचं दार बांधणे. सुरू, रात्री अकरा. संपलं, सकाळी साडेसहा.

ती बघत राहिली. “साडेसहा का?”

“त्यांना कामावरून कुणी सोडलं नव्हतं ना,” हिशेबनीस म्हणाले. त्यांना वाटत होतं आपण तिच्या बाजूनं थोडं झुकतं माप दिलंय. “मुकादमानं सोडल्याशिवाय काम संपत नाही, असा नियम लावला मी. साडेसहाला हजेरीला ते नाहीत हे कळलं, तोवर ते कामावरच धरले. साडेसात तास.”

साडेसात तास. कॅशियरनं मान वर करून बोसनकडे बघितलं.

“तुम्ही बघायला गेला नाहीत? परत आले का ते?”

“दार आपटायचं थांबलं,” बोसन म्हणाला. “दार थांबलं वहिनी, त्यानं बांधलं होतं दार. मग मला झोप लागली.”

हिशेबनिसांना आता कळलं आपण कागदावर काय लिहून बसलोय. त्यांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला. “वहिनी, मी हे बदलतो. साडेअकरा करतो. अकरा ते साडेअकरा, दार बांधायला अर्धा तास…”

“असू द्या,” ती म्हणाली. तिचा हात कागदावरच होता. “ते पाण्यात तरंगायचं जाकीट होतं का अंगात?”

बोसननं मान हलवली. होतं. मग त्याच्या लक्षात आलं की ‘नव्हतं’ म्हणायला हवं होतं, आणि तो भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

पाणी थंड होतं का, हे तिनं विचारलं नाही. लांबून दिसत असतील का जहाजाचे दिवे, किती वेळ दिसत असतील, तेही विचारलं नाही. तिनं पेन घेतलं आणि जिथे सांगितली तिथे सही केली, आपलं पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात. हिशेबनिसांना नमस्कार केला. बोसनजवळून जाताना थांबली, मग तशीच बाहेर आली.

पोरगी उठून उभी राहिली. “काय झालं?”

“झाली नोंद. बाबा कामावर होते. दार बांधायला गेले होते, आणि बांधलं त्यांनी. माझ्यावर रागावले नव्हते, उलट लवकर यायचं ठरवलं होतं.”

पोरीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून मोठ्यानं रडणं बाहेर आलं, आणि रांगेतली मुलं दुसरीकडे बघायला लागली. जिन्याच्या पहिल्या वळणावर ती थांबली आणि तिनं विचारलं, “आई, पडल्या पडल्या लगेच गेले का गं? त्यांना काही कळलं नसेल ना?”

“नाही गं बाळा,” कॅशियर म्हणाली. “लगेच गेले. काहीच कळलं नसेल.”